भांडण नाही, पण रोलर न धुतलेला

"ताई, माझे मिस्टर आणि धाकटे दीर सासऱ्यांच्या मागे एकत्र धंदा बघतात. दोघं कधी भांडत नाहीत, आवाजसुद्धा चढवत नाहीत. पण एकमेकांशी थेट बोलणंही नाही, निरोप सगळे माझ्यामार्फत, नाहीतर सासूबाईंमार्फत. छोट्या छोट्या गोष्टीत एकमेकांची अडवणूक चालू असते. विचारलं की दोघंही म्हणतात 'काही नाही'. धंदाही बसत चाललाय. मी मध्ये पडू का गप्प राहू?" (देवगडहून)

सगळ्यात आधी एक करा, निरोप पोचवणं आजपासून बंद करा. का ते पुढे येईलच. बाकीचं समजायला चिपळूणच्या एका प्रेसची गोष्ट सांगते. दोघा भावांना विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, तरी कुणी कोण असेल म्हणून शोधत बसू नये ही विनंती.

प्रेस वडलांची, अप्पा म्हणायचे सगळे त्यांना. एक ट्रेडल छपाईयंत्र आणि शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या केसी एवढ्यावर सुरू केलेली, पुढे सेकंडहँड मिनी ऑफसेट घेतलं. लग्नाच्या-मुंजीच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे फॉर्म, गणपतीच्या वर्गणीची बुकं, नमनाची हँडबिलं, असली कामं. मोठा भाऊ बारावीनंतर तिथेच चिकटला, मशीन त्याच्या हातात. धाकट्याने मुंबईला प्रिंटिंगचा डिप्लोमा केला आणि तिथेच नोकरी धरली. मग २२ जुलै २०२१ चा पूर. चिपळूणकरांना त्याबद्दल वेगळं काय सांगायचं, वाशिष्ठीचं पाणी दुकानात डोक्याच्या वर गेलं, कागदाची रिमं फुगून रॅक फोडून बाहेर आली, ऑफसेटमध्ये चिखल जाऊन बसला, मोटर गेली. अप्पा आणि मोठा तीन आठवडे एकेक पार्ट सोडवून रॉकेलने धूत होते. पुढच्याच वर्षी अप्पा गेले, मृत्युपत्र वगैरे काही केलेलं नाही, आणि धाकटा नोकरी सोडून बायको-मुलासकट परत आला. कामं तर पुराच्या आधीपासूनच आटत होती, पत्रिका व्हॉट्सअपवर जाते, बिलं कॉम्प्युटरवर निघतात, बॅनर फ्लेक्सवाला करतो.

माझ्याकडे रत्नागिरीला समुपदेशनासाठी आले तेव्हा मोठा एसटीने आला आणि धाकटा बाईकवर. एकाच घरातून, एकाच वेळेच्या अपॉइंटमेंटला, नव्वद किलोमीटर वेगवेगळे. मी काही विचारायच्या आधीच दोघांनी एकच वाक्य सांगितलं, "आमचं भांडण वगैरे काही नाही मॅडम, आई मागे लागली म्हणून आलो."

इथे माझी एक चूक झाली ती सांगते, कारण घरची माणसं नेमकी हीच चूक करतात. मी म्हटलं, मनात काय असेल ते आज दोघांनी एकमेकांसमोर मोकळेपणी बोला. दोघंही खाली बघत बसले. शेवटी मोठा म्हणाला, "त्याला विचारा, तो शिकलेला आहे." धाकटा म्हणाला, "दादा म्हणेल ते." संपलं. पुढे तीन आठवडे मोठा आलाच नाही. ज्या घरात तीस वर्षं कुणी मनातलं बोललेलं नाही त्या घरातल्या माणसाला समोरासमोर बसवून 'बोल' म्हटलं की तो आणखी आत जातो. त्यानंतर मी दोघांना वेगवेगळं भेटायला लागले. पहिल्याच दिवशी दोघांना एक नियम सांगून टाकला, तू मला एकट्याने जे सांगशील ते मी दुसऱ्याला नेऊन सांगणार नाही, ते सांगायचं असेल तर तुझं तूच सांगायचं, मी फक्त शेजारी बसेन.

मग हळूहळू बाहेर यायला लागलं.

ऑफसेटचं काम संपलं की शाईचे रोलर आणि कागदावर छाप उतरवणारं रबरी ब्लँकेट धुवायचं असतं. रात्रभर तसंच ठेवलं तर शाई रोलरवर सुकून चढते, सकाळी रॉकेल आणि चिंध्या घेऊन तास-दीड तास घासत बसावं लागतं, आणि वारंवार झालं तर रोलरचं रबर कडक होऊन चकाकायला लागतं, मग शाई नीट धरत नाही. संध्याकाळचं रंगीत काम धाकटा काढायचा आणि रोलर तसेच टाकून घरी जायचा. सकाळी मोठा यायचा, बघायचा, आणि न बोलता घासायला बसायचा. आठवड्यातून दोनदा तरी. एकदाही म्हणाला नाही की अरे धुवून जात जा.

मोठ्याचं काय, तर रात्री आठ वाजले की तो मेन स्विच पाडायचा. धाकटा कॉम्प्युटरवर डिझाइन करत बसलेला असायचा, यूपीएसची बॅटरी जुनी, मिनिटभर पिपाणी वाजून सगळं बंद. एकदा पतसंस्थेच्या अहवालाची आठ पानं गेली, पुन्हा केली. विचारलं तर मोठ्याचं उत्तर "मला वाटलं तू गेलास." दुकान दहा बाय बावीस, त्यात कुठे जाणार माणूस. पण धाकटाही काही बोलला नाही, त्याने दुसऱ्या दिवशी दादासाठी आलेले दोन फोन सांगितले नाहीत, एवढंच.

असं चाललेलं. जुन्या गिऱ्हाइकाला मोठा अजून अप्पांच्या रेटने पावतीपुस्तक देणार, तोच माणूस धाकट्याला भेटला तर तो नवा रेट सांगणार, मग गिऱ्हाईक म्हणणार तुमच्या दोघांत खरं कोण. धाकट्याने बिलबुकाच्या खाली जिथे प्रेसचं नाव बारीक छापतात तिथे अप्पांचा जुना लँडलाइन काढून स्वतःचा मोबाईल टाकला, मोठ्याने पुढच्या जॉबला तो काढून काहीच टाकलं नाही, नुसती रिकामी ओळ. प्रेसमध्ये एक म्हातारे मामा आहेत, पूर्वी खिळे जुळवायचे, आता बाइंडिंग करतात. दोघं भाऊ एका खोलीत असताना एकमेकांना द्यायचे निरोप मामांना सांगत. "मामा, त्याला सांगा प्लेट झाली." त्याने ऐकलेलं असायचंच, तरी मामा उठून जाऊन सांगायचे. मला भेटले तेव्हा मामांच्या डोळ्यात पाणी होतं, म्हणाले पूर आला तेव्हा बरं होतं, तिघं एकत्र चिखल काढत होतो.

आता ताई, तुम्ही विचाराल की हा निष्काळजीपणा कशावरून नाही. मी हे ओळखायला एकच गोष्ट बघते. निष्काळजी माणूस सगळ्यांच्या बाबतीत निष्काळजी असतो. धाकट्याला मी विचारलं, दादा गावी गेला होता तेव्हा चार दिवस बाहेरचा मशीनमन आला होता ना, त्या दिवसांत रोलर धुतलेस का? थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "धुतले. तो बिचारा बाहेरचा माणूस." म्हणजे हात विसरत नव्हता. ज्या गोष्टीचा त्रास नेमका एकाच माणसाच्या वाट्याला जातो आणि तिथे 'मला कुठे माहीत होतं' म्हणायला जागा असते, तिथे राग असतो. पण म्हणून 'तू मुद्दाम करतोस' असं तोंडावर म्हणायचं नाही, कधीच नाही. मुद्दाम हे सिद्ध करता येत नाही, समोरचा शपथेवर नाकारतो आणि बऱ्याचदा त्याचं त्यालाही धड माहीत नसतं. त्या शब्दावर वाद सुरू झाला की रोलर बाजूलाच राहतो.

मी दोघांना एकेक शंभरपानी वही दिली. पंधरा दिवस लिहायचं. किती वाजता, काय दिसलं, आणि त्यानंतर मी काय केलं. एवढेच तीन रकाने. 'मुद्दाम', 'नेहमी', 'कधीच' हे तीन शब्द बंद. काय वाटलं तेही लिहायचं नाही, कारण त्यांना ते लिहिता आलं नसतं आणि वही कोरी राहिली असती. प्रेसवाली माणसं, जॉब रजिस्टर लिहायची सवय, दोघांनीही नीट लिहिलं. पंधरा दिवसांनी दोन्ही वह्या त्यांच्या परवानगीने शेजारी ठेवून तारखा लावल्या तर मोठ्याच्या वहीत "सकाळी साडेनऊ, रोलर सुकलेले, धुतले, अकरापर्यंत मशीन बंद" आणि त्याच संध्याकाळी धाकट्याच्या वहीत "आठ वाजता लाईट बंद, फाईल गेली, मी कागदाची ऑर्डर दिली नाही". आणि दोन दिवसांनी परत मोठ्याच्या वहीत "कागद नाही, पार्टीला उद्या या सांगितलं". एक साखळीच होती ती, फक्त प्रत्येकाला तिची अर्धीच बाजू माहीत होती. मोठ्याने दोन्ही वह्या बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाला, "मला वाटायचं सुरुवात त्याची असते." धाकटा म्हणाला, "मलापण."

पण साखळी दिसली म्हणून तुटत नाही. अशा वागण्याच्या खाली बहुतेक वेळा एक न लिहिलेलं येणं असतं, आणि ते मागता येत नाही म्हणून माणूस ते अशा बारीक हप्त्यांनी वसूल करतो.

मोठ्याचं येणं असं. बारावीला बरे मार्क होते, पुढे शिकायचं होतं, पण त्याच वर्षी कंपोझिटर सोडून गेला आणि अप्पा म्हणाले वर्षभर बस. ते वर्ष पंचवीस वर्षं चाललं. पगार कधी नाही, अप्पा शनिवारी हातखर्च द्यायचे, लग्नानंतरही. धाकट्याच्या डिप्लोम्याची फी याच मशीनवर निघाली, मोठ्याने स्वतः रात्री जागून वर्गणीची बुकं छापली होती त्यासाठी. हे त्याने आयुष्यात कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, बायकोलाही नाही.

धाकट्याचं येणं वेगळं. पुरानंतर मशीन परत उभं करायला त्याने मुंबईहून अडीच लाख पाठवले, पीएफमधून काढून आणि थोडं मित्राकडून. अप्पांनी घरात कुणाला सांगितलंच नाही. पाहुण्यांमध्ये म्हणायचे, मोठ्याने बघा कसं उभं केलं मशीन. ते पैसे उसने होते, का भेट, का प्रेसमधला हिस्सा, कुणी विचारलं नाही, कुणी लिहिलं नाही. मोठ्याला वाटत होतं अप्पांची एफडी मोडली. अडीच लाख भावाचे होते हे त्याला माझ्यासमोर कळलं, आणि तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

हे कळल्यावर मी तीन कोरे कागद टेबलावर ठेवले. एकावर लिहिलं, प्रेस कोणाची. दुसऱ्यावर, काम कोण करतं. तिसऱ्यावर, अप्पांचा कोण. हे तीन वेगळे प्रश्न आहेत, पण कुटुंबाच्या धंद्यात ते एकमेकांत इतके गुंततात की रेटवरून बोलणं चालू असतं आणि आत चाललेलं असतं तिसऱ्या कागदाचं.

पहिल्या कागदावर दोघांनीही न विचारता 'निम्मं-निम्मं' लिहिलं. मी म्हटलं वकिलांना विचारून या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांची स्वतःची मिळकत पत्नी आणि मुलं-मुली यांच्यात सारखी वाटली जाते. म्हणजे आई, गुहागरला दिलेली बहीण आणि हे दोघं, प्रत्येकी चौथा हिस्सा. बहिणीला कुणी विचारलंच नव्हतं. आणि दुसरं, प्रेस अप्पांच्या एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप. मालक गेला की तो धंदा त्या नावाने तसाच पुढे चालवता येत नाही, जो चालवणार त्याला स्वतःची जीएसटी नोंदणी नवीन घ्यावी लागते. हे तर वर्ष उलटून गेलं तरी अप्पांच्याच नंबरवर बिलं फाडत होते, कारण नवीन नंबर कुणाच्या नावावर घ्यायचा हे एकाने दुसऱ्याला विचारायला हवं होतं. त्यांना सीएकडे पाठवलं. हे माझं काम नाही, पण वकील आणि सीएकडे जाणं टाळत राहणं हेसुद्धा त्या न बोलण्यातच येतं म्हणून मी ते विचारतेच. बँकेच्या कर्जावर मोठ्याची जामीनदार म्हणून सही होती हेही तेव्हाच बाहेर आलं, म्हणजे प्रेस बुडली तर हप्ता त्याच्या मानेवर, आणि धाकट्याला याचा पत्ता नाही.

दुसऱ्या कागदावर आकडे मांडले. महिन्याचं काम सरासरी एक लाख दहा हजारांचं. कागद, प्लेटा, शाई, बाहेरची लॅमिनेशनची कामं मिळून बावन्न हजार. भाडं नऊ, वीज सहा, मामांचा पगार दहा, हमाली-फोन-किरकोळ तीन. राहिले तीस हजार. त्यातून बँकेचा हप्ता अकरा. म्हणजे एकोणीस हजार, दोन संसारांना. मग मी म्हटलं, आता असं धरा की तुम्ही दोघं बाहेरची माणसं आहात. मशीनमनला चिपळूणात काय देतात, डीटीपी करणाऱ्याला काय देतात? दोघांनी मिळून आकडा काढला, प्रत्येकी सोळा. बत्तीस हजार पगार आधी खर्चात लिहिला तर प्रेस दर महिन्याला तेरा हजार तोट्यात.

इतके दिवस दोघांच्याही मनात, आणि खरं सांगायचं तर दोघांच्या बायकांच्याही मनात, हा संशय होता की दुसरा जास्त उचलतो. मोठा गल्ल्यातून घेतो, धाकटा डिझाइनचे पैसे परस्पर घेतो. कागदावर दिसलं की उचलायला काही नव्हतंच. प्रेस दोघांच्या फुकट राबण्यावर चालली होती. धाकटा हळूच म्हणाला, "म्हणजे अप्पा असतानाही दादाच्या पगारावरच चालली होती." हे वाक्य त्याचं, माझं नाही. मोठा काही बोलला नाही पण त्या दिवशी परत जाताना तो बाईकवर मागे बसून गेला.

तिसऱ्या कागदावर कुणी काही लिहिलं नाही. लिहायला मीही सांगितलं नाही. त्या कागदाचा विषय दोन बैठकांनी स्वतःहून आला, एका पत्रिकेवरून.

त्यांना माझ्याकडे यायला लावणारं खरं कारण ती पत्रिका होती. तयार कार्डावर मजकूर छापायचा होता, चारशे प्रती. मुहूर्त दुपारी १२ वाजून २३ मिनिटं, छापलं गेलं १२ वाजून ३२. कंपोज धाकट्याचं, प्रूफ मोठ्याने वाचलेलं. पार्टी पत्रिका न्यायला आली तेव्हा लक्षात आलं, चारशे कार्डं बाद, परत छापून द्यावी लागली, साडेसहा हजार खिशातून गेले आणि ते घर पुढच्या लग्नाला दुसरीकडे गेलं. प्रेसमध्ये त्या दिवशीही कुणी आवाज चढवला नाही.

मोठ्याने मला एकट्याने भेटीत सांगितलं होतं, फार आधी. "मला प्रूफ वाचताना दिसलं होतं. मी सोडून दिलं." पंचवीस वर्षं ज्याने एक काना-मात्रा सुटू दिला नाही त्या माणसाने हे सांगताना स्वतःच्या हाताकडे बघितलेलं मला आठवतं. मी नियमाप्रमाणे ते माझ्याकडेच ठेवलं. तो प्रत्येक वेळी म्हणायचा पुढच्या वेळी सांगतो.

त्या दिवशी सांगितलं. सरळ, काही प्रस्तावना नाही. "ते मुहूर्ताचं, मला दिसलं होतं रे."

धाकटा म्हणाला, "माहितीय मला."

प्रूफ वाचताना मोठ्याची एक सवय आहे, शंका आली की शब्दाच्या खाली पेन्सिलीचा बारीक ठिपका ठेवतो, आणि पान संपलं की ठिपक्यांवर परत जातो. अप्पांनी लावलेली सवय. धाकट्याने ते प्रूफ कचऱ्यातून काढून बघितलं होतं, ३२ च्या खाली ठिपका होता. ते प्रूफ त्याने सात महिने ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं होतं, आणि त्या सात महिन्यांत एकदाही काढून समोर ठेवलं नाही. रोलर न धुणं वाढलं ते त्याच आठवड्यापासून.

"का नाही विचारलंस?" मोठा म्हणाला.

"विचारलं असतं तर तू 'हो' म्हणाला असतास."

मग खूप वेळ कुणी काही बोललं नाही, आणि नंतर मोठा बोलायला लागला तो अप्पांबद्दल. पुरात कसे मशीनला हात लावून रडले, मशीन मोठ्याने उभं केलं असं पाहुण्यांना सांगायचे तेव्हा स्वतःला कसं बरं वाटायचं, आणि आता कळतंय की ते बरं वाटणं भावाच्या पैशाचं होतं. धाकटा म्हणाला की शेवटच्या आजारात तो चार दिवसच येऊ शकला आणि त्या चार दिवसांत अप्पा फक्त 'मोठा आला का' विचारत होते. वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि दोघं भाऊ त्यांच्याबद्दल पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते. दिवसकार्य, सुतक, वर्षश्राद्ध सगळं यथासांग झालं होतं. रडणं राहिलं होतं.

यानंतर काय ठरलं ते थोडक्यात सांगते. रोज संध्याकाळी साडेसातला दहा मिनिटं, उभ्याउभ्या, जॉब रजिस्टर मध्ये ठेवून दोघांनी बोलायचं, विषय तीनच, उद्याचं काम काय, कोण करणार, आणि आज काय धुवायचं-आवरायचं राहिलंय. बसून नाही, चहा नाही, मामा मध्ये नाहीत. प्रत्येक प्रूफवर दोघांच्या सह्या. रेटचा एकच कागद भिंतीवर. आणि एक तारीख लिहून ठेवली, लग्नसराई संपेपर्यंत दोघांचे पगार आणि हप्ता निघाला नाही तर ऑफसेट विकायचं, तेव्हा पुन्हा चर्चा करायची नाही. ही तारीख मला सगळ्यात महत्त्वाची वाटत होती. बसत चाललेल्या धंद्यात जो बंद करूया म्हणतो तोच वाईट ठरतो, म्हणून कुणीच म्हणत नाही आणि दोघंही मनात वाट बघतात की दुसऱ्याने हार मानावी. तारखेने ते ओझं दोघांच्या अंगावरून काढलं.

पगार निघाले नाहीत. ऑफसेट विकलं, त्या पैशातून बँकेचं बरंचसं कर्ज फिटलं, आई आणि बहिणीने त्यांच्या हिश्शाबद्दल काय ठरवलं ते वकिलासमोर कागदावर आलं. अडीच लाखांपैकी काही रक्कम मोठा वर्षाला थोडी थोडी करून देतोय, धाकटा नको म्हणत होता, मी त्याला घे म्हटलं, लिहून घे म्हटलं. धाकटा आता चिपळूणजवळ लोट्याला एका कंपनीत स्टोअर्सला आहे, रात्री आणि रविवारी डिझाइन करतो. मोठा ट्रेडल आणि कटिंग मशीन ठेवून आहे, ज्या कामांना मोठी प्रेस तयार नसते ती करतो, बिलबुकांवर नंबर टाकणं, परफोरेशन, पत्रिकांना घडीची रेघ मारणं, दुसऱ्या प्रेसवाले त्याच्याकडे पाठवतात. मामा आहेतच. प्रेस वाचली असं म्हणता येणार नाही, जी होती ती राहिली नाही.

आता तुमच्याकडे येते. निरोप बंद करा म्हटलं ते यासाठी की निरोप्या मिळतो तोवर त्या दोघांना एकमेकांकडे वळायची गरजच पडत नाही, आणि निरोपाबरोबर तुमच्या नकळत थोडा राग तुम्हीही नेता, सूर तर नेताच. मामांनी हे सोडलं तेव्हा पहिले चार दिवस फार वाईट गेले, दोन कामं चुकली, मोठा त्यांच्यावर रागावला. तेवढं सोसायची तयारी ठेवा. मिस्टर म्हणाले त्याला सांग, तर शांतपणे म्हणा, तुम्हीच सांगा, मी ऐकलं नाही असं समजा. सासूबाईंनाही विश्वासात घ्या, कारण तुम्ही थांबलात की सगळे निरोप त्यांच्याकडे जातील. जावेशी तुमचं बोलणं असेल तर ते मात्र तोडू नका, पण दोघींनी मिळून नवऱ्यांचा हिशेब मांडत बसू नका.

मिस्टरांना 'काय झालंय' असं विचारू नका, उत्तर 'काही नाही' येणार हे तुम्हाला माहीत आहे. पाहिलेली एकच गोष्ट सांगा, आज दुकान उघडायला भाऊजींना चावी मिळाली नाही, असं काही असेल ते, आणि थांबा. आणि एक प्रश्न योग्य वेळ बघून, तेही एकट्यात असताना, विचारा: या धंद्यात तुम्ही घातलेलं असं काय आहे जे कुणी मोजलं नाही? मोठ्याच्या बायकोने हाच प्रश्न विचारला तेव्हा तिला पहिल्यांदा बारावीच्या मार्कांचं कळलं.

हे सगळं घरच्या घरी करायचं नाही अशा काही वेळा असतात. दारू वाढली असेल, कर्ज लपवलेलं असेल, कोऱ्या कागदावर सह्या घेणं चाललं असेल, हात उचलला जात असेल, तर आधी वकील किंवा पोलीस, समुपदेशन नंतर. आणि दोघांपैकी कुणी 'आता सुटका झाली तर बरं' असं बोलायला लागलं, रात्र रात्र जागं राहायला लागलं, तर घाबरू नका आणि सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणसाला बोलता येतं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं, आणि जवळच्या सरकारी हॉस्पिटलातल्या मनोविकार विभागात घेऊन जा.

गेल्या महिन्यात मी चिपळूणला दुसऱ्या कामाला गेले होते, प्रेसमध्ये डोकावले. मोठा एका मुंजीच्या पत्रिकेचं प्रूफ वाचत होता, धाकट्याने रात्री पाठवलेलं. वाचता वाचता पेन्सिल थांबली, ठिपका ठेवला. पान संपायची वाट त्याने पाहिली नाही, फोन उचलला आणि लोट्याला लावला. "अरे, मातुल की मातूल, तू काय ठेवलंयस? अप्पा ऱ्हस्व करायचे." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मोठ्याने ठिपका खोडरबराने पुसला आणि खाली सही केली.